स्क्रीनशॉटवरून अंतर मोजणं आणि कलर कोड काढणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूळ डिझाइन फाइल कुणाकडेच नाही, आधीचं काम केलेला माणूस फोन उचलत नाही आणि क्लायंट म्हणतो "अगदी असंच पाहिजे" आणि एक स्क्रीनशॉट पाठवून देतो. अशा वेळी नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. उदाहरण सगळीकडे एकच धरलंय, १०८० × २४०० च्या अँड्रॉइड फोनवरची एक मराठी अॅपची स्क्रीन, वर हेडर आणि खाली एकाखाली एक पांढरी कार्डं. आयफोनचा एक प्रश्न शेवटाकडे आहे.

व्हॉट्सअॅपवर आलेला स्क्रीनशॉट चालेल का?

साधा फोटो म्हणून पाठवलेला असेल तर नाही, आणि इथे अजिबात तडजोड करू नका. पाठवताना तो बऱ्याचदा लहानही होतो आणि जेपीजीही होतो, म्हणजे मापंही बिघडतात आणि रंगही बिघडतात. त्याच माणसाला सांगा की गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, किंवा मेलला जोड, किंवा ड्राइव्हवर टाक.

आलेली फाइल मूळ आहे का ते ओळखायचं असेल तर आधी तिची रुंदी बघा. फोन १०८० चा आणि फाइल ७२० ची, म्हणजे मधे कुणीतरी लहान केलीय. मग ८०० टक्के झूम करून एखाद्या अक्षराच्या किंवा बटणाच्या कडेला बघा. मूळ पीएनजीमध्ये कडेपलीकडचा सपाट भाग अगदी स्वच्छ एका रंगाचा असतो, जेपीजी होऊन आलेली असेल तर अक्षराभोवती मळकट ठिपके पसरलेले दिसतात. फाइलच्या नावापुढे .png आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, जेपीजी उघडून परत पीएनजी म्हणून सेव्ह केली तरी मळ तसाच राहतो. काही फोनमध्ये स्क्रीनशॉटचा फॉरमॅट निवडायची सेटिंग असते, तिथे PNG करून घ्यायला सांगा.

फोन तुमच्याच हातात असेल आणि यूएसबी डीबगिंग चालू असेल तर सगळ्यात खात्रीचा मार्ग हा:

```
adb exec-out screencap -p > shot.png
adb shell wm size
adb shell wm density
```

पहिल्या ओळीने थेट मूळ पीएनजी येते आणि बाकीच्या दोन ओळी पुढच्या प्रश्नाचं उत्तर देतात.

कडेपासून ४८ पिक्सेल मोजले, मग लेआउटमध्ये ४८ लिहायचं का?

नाही. स्क्रीनशॉटमधला पिक्सेल हा स्क्रीनचा खराखुरा पिक्सेल असतो आणि लेआउटमध्ये आपण लिहितो ते डीपी. अँड्रॉइडने १६० डीपीआय हा पाया धरलाय, त्यावर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल. फोनची डेन्सिटी ४८० असेल तर ४८० भागिले १६० म्हणजे ३, म्हणून ४८ पिक्सेल म्हणजे १६ डीपी. वेबचं पण तत्त्व तेच, तिथे ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `window.devicePixelRatio` टाइप केलं की भागायचा आकडा मिळतो. फक्त ब्राउझरचं झूम १०० टक्के ठेवा, नाहीतर तो आकडाही बदलतो.

गंमत अशी की १०८० रुंदीचे सगळे फोन ३ वाले नसतात. बरेच फोन ४२० डेन्सिटीवर चालतात, तिथे भागायचा आकडा २.६२५ येतो, आणि शिवाय सेटिंगमधून डिस्प्ले साइज लहानमोठा केला की त्याच फोनवर तो परत बदलतो. म्हणजे फोनचं मॉडेल शोधून नेटवरून आकडा घेतला तरी तो या स्क्रीनशॉटला लागू होईलच असं नाही.

२.६२५ मध्ये अजून एक अडचण आहे. १६ डीपीचे बरोबर ४२ पिक्सेल होतात पण १२ डीपीचे साडेएकतीस होतात आणि अर्धा पिक्सेल काढता येत नाही, म्हणून फोन ३२ काढतो. तुम्ही ३२ मोजून भागलं की १२.१९ येतं. ते १२.१९ लिहू नका, ते १२ च आहे. जवळचा पूर्ण आणि शक्यतो ४ च्या पाढ्यातला आकडा घ्यायचा, आणि एकाच मापाची तीनचार ठिकाणं तपासायची.

डेन्सिटी विचारायची सोय नाही, फक्त इमेज आहे. आता?

मग इमेजमध्येच असं काहीतरी शोधायचं ज्याचं डीपीतलं माप आपल्याला आधीच माहितीय. मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो हेडरमधला मागे जायचा बाण. गूगलच्या मटेरियल आयकॉनमधला हा बाण २४ च्या चौकटीत काढलेला आहे, पण त्याची शाई ४ पासून २० पर्यंतच आहे, म्हणजे दिसणारा बाण बरोबर १६ डीपी रुंद आणि १६ डीपी उंच. झूम करून बाणाचं टोक ते शेपटीचा शेवट मोजा आणि १६ ने भागा. ४८ पिक्सेल आले तर ३, ४२ आले तर २.६२५, आणि ३२ आले तर २.

अॅपने स्वतःचा वेगळा बाण वापरला असेल तर हे चालणार नाही. बाणाची रुंदी आणि उंची सारखी नसेल किंवा टोकं गोलाकार असतील तर समजा की तो दुसऱ्या सेटमधला आहे. तेव्हा हेडरची उंची घ्या, ती मटेरियलच्या जुन्या पद्धतीत ५६ आणि नव्यात ६४ डीपी असते, फक्त स्टेटस बारचा भाग त्यातून वगळायचा. दोन वेगळ्या गोष्टींवरून एकच आकडा आला की मगच पुढे जा.

मोजायला कुठलं टूल चांगलं?

जे तुमच्याकडे आहे ते, पण वापरायची पद्धत महत्त्वाची. फिग्मात स्क्रीनशॉट टाकून वर चौकोन काढून मोजणं बऱ्याच जणांना सोपं जातं, तिथे एकच लक्षात ठेवा की ४०९६ पेक्षा लांब इमेज फिग्मा स्वतःच लहान करतं, म्हणजे लांबलचक स्क्रोलिंग स्क्रीनशॉट असेल तर आधी तुकडे करून टाका. गिम्पमध्ये Measure टूल आहे पण मी तिथे Rectangle Select वापरायला सांगेन कारण सिलेक्शन नेहमी पूर्ण पिक्सेलवर बसतं आणि त्याची जागा आणि आकार टूल ऑप्शन्समध्ये आकड्यात दिसतात. विंडोजवर पॉवरटॉइजमधला Screen Ruler झटपट कामाला बरा, पण तो मॉनिटरवर दिसतंय ते मोजतो, म्हणून इमेज बरोबर १०० टक्क्यांवर उघडलेली पाहिजे आणि विंडोजचं स्केलिंग १२५ किंवा १५० असेल तर व्ह्यूअर खरंच एकास एक दाखवतोय का ते आधी बघा. नुसतं "फिट टू विंडो" वर उघडून मोजलेला आकडा काहीच कामाचा नाही.

माऊसने एकेक कड पकडण्यापेक्षा मला स्वतःला पायथॉनच्या सातआठ ओळी जास्त आवडतात. पिलो लायब्ररी टाकलेली पाहिजे एवढंच:

```
from PIL import Image
im = Image.open("shot.png").convert("RGB")
y, prev = 650, None
for x in range(im.width):
    c = im.getpixel((x, y))
    if c != prev:
        print(x, "#%02x%02x%02x" % c)
        prev = c
```

एका आडव्या रांगेवर डावीकडून उजवीकडे चालत जाऊन जिथे जिथे रंग बदलला ती जागा आणि नवा रंग हे छापतं. माप आणि कलर कोड दोन्ही एका झटक्यात.

एक पूर्ण उदाहरण करून दाखवाल का?

आपली कार्डवाली स्क्रीन घेऊ, डेन्सिटी ४८०, म्हणजे ३ ने भागायचं. आधी कार्डाच्या आतली अशी रांग निवडायची जिथे मजकूर नाही आणि गोल कोपरासुद्धा संपलाय. इथे पहिलं कार्ड ६१२ ला सुरू होतं आणि मजकूर ६६० च्या खाली आहे, म्हणून मी ६५० घेतली. वरचा कोड चालवला की हे येतं:

```
0 #f5f5f5
48 #ffffff
1032 #f5f5f5
```

म्हणजे बाहेरचा राखाडी ४८ पिक्सेल, १६ डीपी. कार्ड १०३२ वजा ४८ म्हणजे ९८४ पिक्सेल, ३२८ डीपी. उजवीकडे १०८० वजा १०३२, परत ४८. बेरीज १६ आणि ३२८ आणि १६, बरोबर ३६० डीपी. ही बेरीज नेहमी करून बघा, जुळली नाही तर भागायचा आकडा चुकलाय किंवा फाइल मूळ नाही.

मग तेच उभं चालवायचं, x कायम ठेवून y बदलत. x साठी मी ९० घेतला, कोपऱ्याच्या आत आणि मजकुराच्या अलीकडे. पहिलं कार्ड ६१२ ला सुरू, ९१२ ला राखाडी सुरू, ९४८ ला दुसरं कार्ड. कार्डाची उंची ३०० म्हणजे १०० डीपी, मधली फट ३६ म्हणजे १२ डीपी.

इथे एक पिक्सेलची गडबड फार लोकांची होते. माऊसने मोजताना आपण कार्डाचा पहिला पिक्सेल ४८ आणि शेवटचा पिक्सेल १०३१ वाचतो आणि वजाबाकी करून ९८३ लिहितो, कारण दोन्ही टोकांचे पिक्सेल कार्डाचेच आहेत हे वजाबाकीत सुटतं. पहिला आणि शेवटचा वाचला असेल तर वजाबाकीत एक मिळवायचा, आणि फट मोजताना उलटं, या कार्डाचा शेवटचा ९११ आणि पुढच्याचा पहिला ९४८, तर वजाबाकीतून एक कमी करायचा. बदल कुठे सुरू झाला तेच आकडे घेतले, जसं वर घेतलेत, तर हा प्रश्नच येत नाही.

कार्डाच्या कडेपासून मजकुरापर्यंतचं अंतर मोजलं तर विचित्र आकडा येतो, असं का?

कारण तुम्ही शाईपर्यंत मोजताय आणि लेआउट मजकुराच्या डब्यापर्यंत मोजतो. डबा ओळीच्या उंचीएवढा असतो आणि अक्षराच्या वर त्यात मोकळी जागा सोडलेली असते. देवनागरीत तर ती जास्तच दिसते कारण वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार सगळं शिरोरेषेच्या वर बसतं. "गाव" लिहिलं असेल तर शाई शिरोरेषेपासून सुरू, "किंमत" लिहिलं असेल तर बरीच वरून, आणि दोन्हींचा डबा एकच. म्हणून शाईचा सगळ्यात वरचा ठिपका पकडून मोजू नका.

देवनागरीत मोजायचं ते शिरोरेषेपासून. ती आडवी, सरळ, लांब असते, झूम केल्यावर कुठल्या रांगेत सुरू झाली ते स्पष्ट दिसतं, आणि शब्द कुठलाही असो ती हलत नाही. आपल्या कार्डात शीर्षक दोन ओळींचं आहे, पहिल्या ओळीची शिरोरेषा ६८२ ला आणि दुसरीची ७५४ ला. फरक ७२, म्हणजे ओळीची उंची २४ डीपी, हा आकडा पक्का.

पॅडिंगसाठी वरची बाजू सोडून द्या आणि डावीकडून घ्या. शिरोरेषा डावीकडे साधारण ९६ ला सुरू होते, कार्ड ४८ ला, म्हणजे ४८ पिक्सेल, १६ डीपी. एखाद्या पिक्सेलचा फरक फॉन्टप्रमाणे पडू शकतो. वरचंही पॅडिंग १६ असेल तर डबा ६१२ अधिक ४८ म्हणजे ६६० ला सुरू व्हायला हवा, आणि तो खरंच तिथे आहे का ते ठरवायला तोच फॉन्ट, तीच साइज, तीच ओळ-उंची लावून स्वतः रेंडर करा आणि शिरोरेषा ६८२ ला पडते का बघा. पडली तर झालं.

आणि मालकाने फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली असतील तर मजकुराची सगळी मापं फुगलेली येतात पण मार्जिन मात्र बरोबर येतात. मार्जिन १६, १२ अशी छान येताहेत आणि ओळीची उंची २७.६ येतेय, तर फॉन्ट स्केल १.१५ आहे का ते विचारा, कारण २४ गुणिले १.१५ तेवढंच होतं.

गोल कोपऱ्याची त्रिज्या कशी मोजायची?

कड सरळ कुठे झाली ते डोळ्याने शोधू नका, वळणाच्या शेवटी कड इतकी हळूहळू सरळ होते की आकडा नेहमी कमी येतो. त्यापेक्षा चौकोनाचा काल्पनिक कोपरा घ्या, आपल्याकडे तो ४८, ६१२ आहे, आणि तिथून तिरकं आत चला, प्रत्येक पावलाला x मध्ये एक आणि y मध्ये एक. किती पावलांनी पांढरं लागलं ते मोजा आणि त्याला ३.४ ने गुणा. गणित साधं आहे, वर्तुळाचा तिरका बिंदू कोपऱ्यापासून त्रिज्येच्या ०.२९३ पट आत असतो. इथे साडेदहाच्या आसपास पावलं लागतात, म्हणजे ३६ पिक्सेल, १२ डीपी.

कार्डाला सावली असेल तर?

सावली मापात धरायची नाही. वरचा कोड सावली असलेल्या कडेजवळ एकामागून एक पाचदहा किंचित वेगळे राखाडी छापेल आणि मग एकदम पांढरा. तो एकदम पांढरा जिथे लागला तीच कड.

एकाच बटणावर दोनदा क्लिक केलं तर दोन वेगळे कोड येतात. कुठला खरा?

बहुतेक जेपीजी आहे. जेपीजी इमेजचे ८ × ८ चे ठोकळे करतं आणि बऱ्याचदा रंगाची माहिती उजेडाच्या मानाने अर्ध्याच रुंदी-उंचीची ठेवतं, म्हणून कडेजवळ शेजारचा रंग मिसळतो. बटण मुळात #E65100 असेल तर मध्ये #E75000 आणि पांढऱ्या अक्षरांजवळ भलतंच काहीतरी फिकट मिळू शकतं. मूळ फाइल मिळतच नसेल तर बटणाच्या मधल्या, अक्षरापासून लांबच्या भागातून ११ × ११ ची सरासरी घ्या, मग येणारा कोड एकदोन अंकांच्या आत असतो.

पीएनजीमध्ये मात्र उलट, सरासरी अजिबात नको. फोटोशॉपच्या आयड्रॉपरला Point Sample ठेवा आणि गिम्पमध्ये Sample average बंद करा, नाहीतर तुम्ही स्वतःच शेजारचा रंग मिसळून घ्याल. पीएनजीमध्येही दोन कोड येत असतील तर तो ग्रेडियंट आहे, दोन्ही टोकांचे कोड वेगवेगळे घ्या.

अक्षरांचा रंग प्रत्येक वेळी वेगळा का येतो?

अक्षराच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून तिथले पिक्सेल अक्षर आणि मागचा रंग यांचं मिश्रण असतात. बारीक फॉन्टमध्ये तर कधीकधी एकही पिक्सेल खऱ्या रंगाचा नसतो. विंडोजच्या स्क्रीनशॉटमध्ये क्लिअरटाइपमुळे कडेला लालसर निळसर झाकही असते, ती अक्षराच्या रंगाचा भाग नाही.

इथेही शिरोरेषाच वापरा. ३ पट स्क्रीनवर १६ च्या अक्षराची शिरोरेषा साधारण तीनचार पिक्सेल जाड असते, तिची वरची आणि खालची रांग मिसळलेली असू शकते पण मधली रांग खरी असते. जास्तीत जास्त झूम करून मधल्या रांगेवर क्लिक करा. आपल्या शीर्षकात तिथे #212121 मिळतं.

#212121 मिळालं, पण तो खरंच राखाडी आहे की काळ्याची पारदर्शकता कमी केलीय?

चांगला प्रश्न, आणि एका स्क्रीनशॉटवरून याचं उत्तर मिळत नाही. पांढऱ्यावर ८७ टक्के काळा ठेवला तर २५५ चे १३ टक्के म्हणजे ३३ उरतात, आणि ३३ म्हणजेच हेक्समध्ये 21. दोन्ही अगदी सारखेच दिसतात, फरक कळतो तो मागचा रंग बदलल्यावर.

म्हणून तीच स्टाइल दोन वेगळ्या पार्श्वभूमींवर शोधायची. समजा दुय्यम मजकूर पांढऱ्यावर #666666 आहे म्हणजे १०२, आणि निवडलेल्या राखाडी रांगेवर, जिचा रंग #BDBDBD म्हणजे १८९, तिथे तोच मजकूर #4C4C4C म्हणजे ७६ मिळतो. मजकूर बदलला म्हणजे तो पारदर्शक आहे, आणि किती ते असं:

```
alpha = 1 - (102 - 76) / (255 - 189) = 0.606
```

राउंडिंगमुळे ०.६०६ आलं, ते ०.६० समजा. दोन पार्श्वभूमींमधला फरक जेवढा मोठा तेवढं उत्तर अचूक, पांढरा आणि जवळपास पांढरा अशी जोडी घेतलीत तर एका अंकाच्या फरकाने उत्तर कुठल्या कुठे जातं.

आयफोन किंवा मॅकच्या स्क्रीनशॉटमधून ब्रँडचा रंगच जुळत नाही, काय करायचं?

तिथे फाइलमध्ये कलर प्रोफाइल असते, आयफोनच्या स्क्रीनशॉटला बऱ्याचदा Display P3. पीथ्रीमध्ये रंगांचा आवाका मोठा आहे, म्हणून तोच रंग लिहायला आकडे वेगळे लागतात. वेबवरचा शुद्ध लाल #FF0000 पीथ्रीच्या आकड्यांत #EA3323 होतो. टूलने प्रोफाइलकडे दुर्लक्ष करून नुसते आकडे वाचले, आपला वरचा पायथॉनचा कोडही तेच करतो, तर तुम्हाला EA3323 मिळेल आणि ते सीएसएसमध्ये टाकलं की मरगळलेला लाल दिसेल.

म्हणून आधी एसआरजीबीमध्ये बदला आणि मग रंग उचला. मॅकवर:

```
sips -m "/System/Library/ColorSync/Profiles/sRGB Profile.icc" shot.png --out srgb.png
```

फोटोशॉपमध्ये Convert to Profile वापरा, Assign Profile नाही. असाइन केल्याने आकडे तेच राहतात आणि फक्त दिसणं बदलतं, आपल्याला आकडेच बदलून हवेत. मॅकच्या Digital Color Meter मध्येही वरच्या यादीतून sRGB निवडा.

स्क्रीनचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो आहे, त्यावरून जमेल?

रंग नाही. ढोबळ प्रमाण जमेल.

सगळं बनवून झालं, जुळलंय हे कसं तपासायचं?

त्याच फोनवर, त्याच डिस्प्ले साइजवर, तोच मजकूर भरून आपल्या स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढा. दोन्ही इमेज एकावर एक लेयर म्हणून ठेवा आणि वरच्याचा ब्लेंड मोड Difference करा. जिथे जुळलंय तिथे काळं, जिथे नाही तिथे उजळ रेषा. कार्डाच्या एकाच कडेला बारीक रेषा दिसली तर मार्जिन पिक्सेलभर सरकलंय, अख्खं कार्ड काळ्याऐवजी किंचित राखाडी दिसलं तर रंगात फरक आहे, आणि तो डोळ्याला दिसत नसेल तर लेव्हल्स ओढून उजळ करून बघा. फक्त पहिल्या कार्डाचा मजकूर बरोबर आणि खालच्या प्रत्येक कार्डाबरोबर फरक वाढत जातोय असं दिसलं तर बहुधा ओळीची उंची किंवा मधली फट चुकलीय, तिथून मागे जा. स्टेटस बार आधी कापून टाका, घड्याळ आणि बॅटरी कधीच जुळणार नाही.